नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला द्यायचं गोपनीयतेचं स्मरणपत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न खासगी कंपन्यांतल्या एचआर आणि प्रशासन विभागांसाठी आहेत. ज्याच्या हातात हे पत्र पडतं त्या कर्मचाऱ्यालाही ते वाचता येतील. सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. चाकणमधल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतला डिझाइन इंजिनिअर. महिन्याचा एकूण पगार 90,000 रुपये, त्यातला बेसिक 45,000, नोटीस पिरियड 60 दिवस. त्याने 1 सप्टेंबरला राजीनामा दिला. उदाहरण काल्पनिक आहे, पण अडचणी रोजच्याच आहेत.

या पत्राने कर्मचाऱ्यावर काही नवं बंधन येतं का?

नाही, आणि येईल अशा भाषेत ते लिहूही नये. नियुक्तीपत्रात किंवा गोपनीयतेच्या करारात त्याने आधीच जे मान्य केलं आहे, त्याचीच आठवण हे पत्र करून देतं. म्हणून ‘आपल्या अमुक तारखेच्या नियुक्तीपत्रातील कलम अमुक’ असा थेट उल्लेख हवा. फाइल उघडून ते कलम खरंच आहे का, त्यावर त्याची सही आहे का, हे आधी बघा. बऱ्याच छोट्या कंपन्यांत नियुक्तीपत्राची सही केलेली प्रत सापडतच नाही, आणि हे कळतं ते राजीनामा आल्यावर.

कलम नसेल तर पत्र निरर्थक ठरत नाही. नोकरीत असताना मालकाशी प्रामाणिक राहणं, विश्वासाने हाती दिलेली माहिती आणि वस्तू भलतीकडे न वापरणं, हे करारात लिहिलेलं नसलं तरी कायदा मानतो. पण पाया कच्चा राहतो. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये 289 व्या अहवालात तशी शिफारस केली, एवढंच. त्यामुळे सगळी मदार करारावर आणि इतर कायद्यांतल्या सुट्या कलमांवर आहे.

पत्र कधी द्यायचं? शेवटच्या दिवशी चालेल का?

शेवटच्या दिवशी दिलेलं पत्र कोणी वाचत नाही. नो ड्यूजच्या कागदांच्या गठ्ठ्यात त्यावरही सही होऊन जाते. राजीनामा स्वीकारल्यापासून दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण पत्र द्या, आणि शेवटच्या दिवशी त्याचीच एक पानी आठवण, सोबत परत आलेल्या वस्तूंची यादी.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ज्याला फायली न्यायच्याच असतात, तो बहुतेक वेळा राजीनामा देण्याआधीच नेतो. आपल्या उदाहरणात 1 सप्टेंबरनंतरचा पेन ड्राइव्ह बंद करून फारसं साधत नाही. आयटीने जुलै-ऑगस्टमधल्या नोंदी बघायला हव्यात: मोठ्या प्रमाणात डाउनलोड, वैयक्तिक मेलवर गेलेली जोडपत्रं, रात्री उशिरा उघडलेले दुसऱ्या प्रोजेक्टचे फोल्डर. ही तपासणी फक्त कंपनीच्या यंत्रणेतल्या नोंदींची. त्याच्या खासगी खात्यात डोकावायचा अधिकार कोणालाच नाही.

नोटीस पिरियड मोजायचा कसा, आणि त्या काळात बंधनं कोणती?

मोजणीवरून वाद होतात, म्हणून पत्रात शेवटच्या दिवसाची तारीखच लिहा. 1 सप्टेंबर हा पहिला दिवस धरला तर 60 वा दिवस 30 ऑक्टोबरला येतो. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर 31 ऑक्टोबरला. दोन्हीपैकी काय, हे कंपनीच्या धोरणात असावं. नसेल तर राजीनामा स्वीकारतानाच तारीख ठरवून मेलवर कळवा. नोटीसमध्ये घेतलेल्या रजेने शेवटची तारीख पुढे जाते का, हेही त्याच मेलमध्ये.

नोटीस संपेपर्यंत तो पूर्ण अर्थाने कर्मचारी आहे. पगार, पीएफ, विमा सगळं चालू, आणि बंधनंही चालू. या काळात नव्या कंपनीचं काम अर्धवेळही करता येत नाही. ग्राहकांना ‘मी तिकडे जातोय, तुम्हीही या’ असं सांगता येत नाही. सहकाऱ्यांना फोडता येत नाही. नवी नोकरी मिळाली हे सांगायला मात्र काहीच हरकत नाही, आणि कुठे जातोय हे सांगायची सक्तीही कंपनी करू शकत नाही, करारात तसं नसेल तर.

काही कंपन्या संवेदनशील पदावरच्या माणसाला पूर्ण पगार देऊन नोटीसभर घरी बसवतात. तो अजून नोकरीतच असल्याने त्या काळात त्याला दुसरीकडे रुजू होता येत नाही. चाकणच्या इंजिनिअरकडे पुढच्या मॉडेलचं काम असेल तर 60 दिवसांपैकी पहिले 20 दिवस हँडओव्हर आणि उरलेले 40 दिवस घरी, हा व्यवहार्य मार्ग आहे. पगार अर्धा करून घरी बसवलं तर नोटीसची अट कंपनीनेच मोडली, असं तो म्हणू शकतो.

नोटीस पूर्ण न करता तो निघून गेला तर?

त्याला जबरदस्तीने कामावर बसवता येत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार पाळायलाच लावणारा हुकूम न्यायालयं देत नाहीत. मिळू शकते ती भरपाई.

समजा तो 15 ऑक्टोबरला गेला आणि शेवटची तारीख 30 ऑक्टोबर होती. 15 दिवस कमी पडले. एकूण पगारावर हिशोब केला तर 90,000 भागिले 30 गुणिले 15, म्हणजे 45,000 रुपये. बेसिकवर केला तर निम्मे, 22,500. करारात ‘नोटीसच्या बदल्यात पगार’ एवढंच असलं की भांडण इथेच उभं राहतं. शब्द ‘एकूण’ की ‘बेसिक’, हे नियुक्तीपत्रातच स्पष्ट हवं. या वसुलीवर जीएसटी लावू नये. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलं आहे, तरी जुन्या पद्धतीने 18 टक्के लावणारे हिशोब अजून दिसतात.

किमान सेवेचा बॉन्ड असेल तर प्रकरण वेगळं. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि ती मोडल्यास 2 लाख रुपयांची अट वैध ठरवली. पण तिथे सार्वजनिक बँकेच्या भरतीप्रक्रियेचा खर्च आणि त्या पदाचा पगार, दोन्ही विचारात घेतले गेले. त्यावरून कुठल्याही कंपनीने 5 लाखांचा आकडा छापावा, असा अर्थ निघत नाही. करार कायद्याच्या कलम 74 नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई.

पत्रात ‘पुढची दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ असं लिहावं का?

लिहू नका. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 अशी अट रद्दबातल ठरवतं. नोकरी संपल्यानंतर उपजीविकेचा धंदा करण्यावर बंदी घालणारी अट आपल्याकडे टिकत नाही, मग ती सहा महिन्यांची असो की शेजारच्या तालुक्यापुरती. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचा नमुना जसाच्या तसा उतरवल्याने हे वाक्य आपल्या पत्रांत शिरतं. त्याचा तोटा असा की वकिलाला पत्र दाखवणारा कर्मचारी ते एक वाक्य बघून सगळं पत्रच धमकी म्हणून बाजूला ठेवतो.

याची दुसरी बाजू कल्याणच्या एका जुन्या खटल्यात दिसते. सेंच्युरी कंपनीच्या तिथल्या कारखान्यात टायर कॉर्डचं सूत बनवण्याचं तंत्र परदेशी कंपन्यांकडून, गुप्तता पाळण्याच्या अटीवर आलं होतं. 1963 मध्ये पाच वर्षांच्या करारावर आलेला एक शिफ्ट सुपरवायझर वर्ष-दीड वर्षात सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धक कंपनीत जास्त पगारावर गेला. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. पण ती कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती, म्हणजे मार्च 1968 पर्यंतच होती, आणि तशाच प्रकारच्या कामापुरती. थोडक्यात, करार चालू असतानाची बंदी टिकते, संपल्यानंतरची टिकत नाही. गुपित न फोडण्याचं बंधन मात्र नोकरी संपली तरी राहतं.

मग गोपनीय नेमकं काय? डोक्यात असलेलं कसं परत करणार?

डोक्यातलं परत करता येत नाही आणि मागूही नये. कसब कर्मचाऱ्याचं, माहिती कंपनीची. ही रेघ ओढणं हेच या पत्राचं खरं काम आहे, आणि नेमकं तेच बहुतेक पत्रं टाळतात. ‘कंपनीची सर्व माहिती गोपनीय आहे’ असं लिहिलं की न्यायालयाला त्यात काहीच गोपनीय दिसत नाही.

आपल्या इंजिनिअरचं बघू. डिझाइनचं सॉफ्टवेअर सफाईने वापरणं, ड्रॉइंगवरचे टॉलरन्स ठरवायची समज, साच्यातून भाग वाकडा का येतो याचा अंदाज, हे त्याचं कसब. ते घेऊन तो रांजणगावच्या स्पर्धकाकडे उद्या जाऊ शकतो. ज्या ब्रॅकेटवर तो काम करत होता त्याचं ड्रॉइंग, बाजारात न आलेल्या मॉडेलची माहिती, मिश्रधातूचं कंपनीने चाचण्यांतून बसवलेलं प्रमाण, पुरवठादारांचे दर, ग्राहकाला दिलेल्या कोटेशनची फोड, नापास झालेल्या चाचण्यांचे अहवाल, ही कंपनीची माहिती. शेवटची गोष्ट लोक विसरतात. काय चालत नाही हे कळणं स्पर्धकाचे महिने वाचवतं.

काही गोष्टी मधल्या असतात. ग्राहक कंपन्यांची नावं सगळ्या पट्ट्याला माहीत असतात. ती गुपित नाहीत. त्याच ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याने कुठल्या दराला होकार दिला, ते गुपित आहे. विक्रीला आलेला भाग मोजून जे कळतं, तेही गुपित राहत नाही.

म्हणून पत्रात त्या माणसाच्या कामाचे तीन-चार प्रोजेक्ट किंवा माहितीचे प्रकार नावाने लिहा. प्रोजेक्टचं सांकेतिक नाव पुरे. तपशील पत्रातच उघड करू नका. ग्राहकाबरोबर कंपनीचा गोपनीयतेचा करार असेल तर तोही नमूद करा, कारण माहिती फुटल्यास कंपनीलाच ग्राहकाला जबाब द्यावा लागतो.

वस्तूंच्या यादीत काय काय धरायचं?

लॅपटॉप, चार्जर, मोबाइल, ओळखपत्र, चाव्या हे सगळ्यांना आठवतं. राहतात त्या वेगळ्याच गोष्टी: घरी नेलेला मॉनिटर, डेमोसाठी घेतलेले नमुने, व्हर्नियर कॅलिपर किंवा गेज, छापील ड्रॉइंग, कामाची वही, रबरी शिक्के, कोरे लेटरहेड, कंपनीचं क्रेडिट कार्ड, गाडीचा फास्टॅग, कंपनीच्या नावावरचं सिम. सिमच्या बाबतीत नंबर कोणाचा हे आधी ठरवा. आठ वर्षं वापरलेला नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला असतो, आणि तो शेवटच्या दिवशी बंद केला की त्याचे ओटीपी अडकतात. नंबर त्याला द्यायचा नसेल तर निदान दोन आठवडे आधी सांगा.

यादी अनुक्रमांकासह असावी. ‘एक लॅपटॉप’ नव्हे, त्याचा सिरियल नंबर. वस्तू घेताना जशी पावती, तशी परत घेतानाही हवी: कोणी घेतलं, कधी, कोणत्या अवस्थेत, आणि दोघांच्या सह्या. कुरिअरने परत येत असेल तर पाठवण्याआधीचा फोटो आणि पावतीचा क्रमांक कर्मचाऱ्याने जपून ठेवावा. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत कुरिअरचा खर्च कंपनीने उचलावा आणि पिकअप तिनेच लावावा. नाहीतर लॅपटॉप महिनोन्‌महिने कोल्हापूरला पडून राहतो.

लॅपटॉप फॉरमॅट करून दिला तर?

करू नये. कर्मचाऱ्याला वाटतं आपण साफ करून दिला; कंपनीला वाटतं पुरावा पुसला. वैयक्तिक फोटो, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 हे आयटीच्या माणसासमोर कॉपी करून घ्यावं, किंवा आधी यादी देऊन परवानगी घ्यावी. कामाच्या फोल्डरला हात लावू नये.

परत करताना तीन गोष्टी हमखास अडतात. अ‍ॅपलच्या यंत्रावर वैयक्तिक आयडी चालू राहिला की ते पुढच्याला वापरताच येत नाही, म्हणून त्यातून बाहेर पडायला हवं. अँड्रॉइड फोन रीसेट करण्याआधी त्यातलं गुगल खातं काढावं, नाहीतर रीसेटनंतर फोन तेच खातं मागू शकतो. विंडोजवर वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर डिस्कच्या एन्क्रिप्शनची रिकव्हरी की त्या वैयक्तिक खात्यात जाऊन बसलेली असू शकते.

कंपनीकडूनही एक चूक होते. शुक्रवारी आलेला लॅपटॉप सोमवारी पुसून नव्या माणसाला दिला जातो. दीड महिन्याने शंका आली तर हातात काही उरत नाही. संवेदनशील पदावरच्या माणसाची डिस्क किमान 60 दिवस तशीच बाजूला ठेवा.

खाती आणि डिजिटल सह्यांचं काय?

इथे कंपनी स्वतःच जास्त अडकते. जीएसटी पोर्टल, ईपीएफओ, बँक यांवर जाणारा माणूस अधिकृत स्वाक्षरीकर्ता असेल तर त्याच्या शेवटच्या दिवसाआधी नवा माणूस नेमून घ्या. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन व्यक्तीच्या नावाचा असतो. तो कपाटात ठेवून नंतर वापरणं म्हणजे दुसऱ्याची सही करणं. कंपनीच्या वतीने घेतलेलं प्रमाणपत्र रद्द करून घ्या. डोमेन किंवा क्लाउडचं खातं कोणाच्या वैयक्तिक मेलवर उघडलंय का, दुहेरी पडताळणीचा कोड कोणाच्या फोनवर येतो, हे नोटीसच्या पहिल्या आठवड्यात तपासा.

वैयक्तिक मोबाइलवरचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि फायली?

ग्राहकांच्या ग्रुपमधून शेवटच्या दिवशी बाहेर पडायचं. अ‍ॅडमिन तोच असेल तर आधी दुसऱ्याला अ‍ॅडमिन करायचं. फोनवर आलेली ड्रॉइंग, गॅलरीतले कारखान्याचे फोटो आणि त्यांची क्लाउडवर आपोआप गेलेली प्रत, सगळं काढायचं. मग एका ओळीचं लेखी निवेदन: ‘माझ्या वैयक्तिक साधनांवर व खात्यांवर कंपनीची माहिती ठेवलेली नाही.’ फोन हातात घेऊन तपासण्याचा आग्रह एचआरने धरू नये.

वस्तू परत येईपर्यंत पगार अडवता येतो का?

सरसकट नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. ‘फुल अँड फायनल 45 दिवसांत’ हे जुनं वाक्य पत्रातून काढा. ताब्यात दिलेली वस्तू त्याच्या हलगर्जीपणामुळे हरवली किंवा खराब झाली तर कपात करता येते, पण आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. कपात नुकसानीपुरतीच, आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. चार वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची नव्याची किंमत लावणं म्हणजे नुकसानीपेक्षा जास्त वसूल करणं.

पीएफ तर अडवताच येत नाही. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाल्यावर कर्मचारी ती स्वतः पोर्टलवर भरू शकतो.

मुद्दाम वस्तू दाबून ठेवणाऱ्यासाठी कंपनी कायदा, 2013 चं कलम 452 आहे. दंड 1 ते 5 लाख रुपये, आणि न्यायालयाने ठरवलेल्या मुदतीत वस्तू परत न केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. माजी कर्मचाऱ्यालाही ते लागतं. भागीदारी किंवा एकल मालकीच्या धंद्याला हे कलम नाही.

त्याने पत्रावर सही करायला नकार दिला तर?

फारसं बिघडत नाही, कारण बंधन मूळ कराराचं आहे. पत्र त्याच्या वैयक्तिक मेलवर आणि स्पीड पोस्टने पाठवा, आणि फाइलवर ‘दिलं, सही नाकारली’ अशी तारखेसह नोंद करा. सहीसाठी रिलिव्हिंग लेटर अडवू नका. पत्रात नव्या अटी घुसवल्या असतील तर नकार देणं त्याच्या हक्काचंच आहे. कर्मचाऱ्याला काही वाक्यं मान्य नसतील तर ‘फक्त मिळाल्याची पोच’ असं लिहून सही करणं हा साधा मार्ग.

माहिती नेल्याचं नंतर उघड झालं तर?

आधी पुरावा जपा, मग नोटीस. डिस्कची प्रत तज्ज्ञाकडून, हॅशसह म्हणजे तिच्या डिजिटल ठशासह घ्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र त्याशिवाय नीट होत नाही. मग वकिलाची नोटीस: कोणत्या फायली, कोणत्या तारखेला, आणि किती दिवसांत परत करून पुसल्याचं लिहून द्यायचं. परवानगीशिवाय डेटा उतरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये येतं, आणि अप्रामाणिक हेतू असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड. घाई असेल तर दिवाणी न्यायालयात तात्पुरती मनाई मागता येते, पण तीन महिने गप्प बसून मग धावत गेलं तर ती मिळणं अवघड होतं. नव्या कंपनीला पत्र लिहायचं असेल तर फक्त वस्तुस्थिती लिहा. ‘चोर’ हा शब्द वापरला की बदनामीचा दावा उलटा येतो.

पत्राचा नमुना मिळेल का?

कामापुरता असा:

> ‘आपला दि. १ सप्टेंबरचा राजीनामा स्वीकारला असून दि. ३० ऑक्टोबर हा आपला कामाचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंत नियुक्तीपत्रातील सर्व अटी लागू आहेत. कलम __ नुसार प्रोजेक्ट __ व __ ची ड्रॉइंग, चाचणी अहवाल, पुरवठादारांचे दर व कोटेशन यांची गोपनीयता नोकरी संपल्यानंतरही पाळावयाची आहे. आपले सामान्य ज्ञान, कौशल्य व अनुभव यांच्या वापरावर या पत्राने कोणतेही बंधन येत नाही. सोबतच्या यादीतील वस्तू दि. ३० ऑक्टोबर रोजी दुपारी ४ पर्यंत प्रशासन विभागात जमा करून पावती घ्यावी. शंका असल्यास __ यांच्याशी संपर्क साधावा.’

कौशल्याबद्दलचं वाक्य काढून टाकायचा मोह कंपनीच्या लोकांना होतो. ते ठेवा; त्यामुळे आधीचं वाक्य न्यायालयात जास्त वजनदार ठरतं.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर आणखी काय?

सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंगविरोधी नियमांत ‘संबंधित व्यक्ती’ ठरवताना मागचे सहा महिनेही मोजले जातात. त्यामुळे जाहीर न झालेले निकाल किंवा करार ज्याला माहीत होते, त्याने नोकरी सोडल्यावरही त्या माहितीवर शेअर घेऊ-विकू नयेत. वित्त, सचिवालय आणि वरिष्ठ पदांवरच्या लोकांच्या पत्रात ही एक ओळ वाढवा; शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येकाला ती देण्याची गरज नाही.